पावसाळी डोंगरवाट: आधी परतीचा ओढा, मग माथा

पावसाळ्यात पहिल्यांदा डोंगर चढू पाहणारा माणूस बहुधा माथ्यापासून नियोजन सुरू करतो: माथा किती उंच आहे, वर पोहोचायला किती वेळ लागेल, वरून काय दिसेल. कोरड्या ऋतूत हा क्रम चालून जातो. पावसाळ्यात मात्र सकाळी पोटरीएवढ्या पाण्यातून सहज ओलांडलेला ओढा दुपारी परतताना कमरेएवढा होऊन वाट अडवू शकतो आणि तसे झाले, तर माथा गाठला की नाही याला काही महत्त्व उरत नाही. म्हणून या लेखात एका दिवसात जाऊन येण्याजोग्या एका डोंगराचे उदाहरण घेतले आहे. त्याच्या वाटेवर एक ओढा, त्यापुढे दाट जंगलाचा टप्पा आणि वर उघडे पठार आहे. सगळे नियोजन परतीच्या ओढ्यापासून उलट्या दिशेने मांडले आहे. दोर लावून चढायचे कातळटप्पे आणि मुक्कामी मोहिमा यांचा येथे विचार केलेला नाही.

वाट निवडताना

नकाशा उघडल्यावर पहिली गोष्ट पाहावी ती ही, की वाट पाणी किती ठिकाणी ओलांडते. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी प्रत्येक घळ पावसाळ्यात ओढा असते, त्यामुळे नकाशावर निळी रेघ नसली तरी समोच्चरेषा जिथे आत वळतात तिथे पाणी असणार असे धरून चालावे. नवख्यांच्या गटाने असे एकच मोठे ओलांडण असलेली वाट निवडावी आणि शक्य असल्यास, पाणी न ओलांडता खाली उतरणारी दुसरी वाट त्या डोंगराला आहे का, हेही पाहून ठेवावे. ती लांबची असली तरी चालेल. तशी वाट नसेल, तर ‘ओढा चढला तर आपण पलीकडे अडकणार’ हे गटातील प्रत्येकाला निघण्यापूर्वी स्पष्ट सांगितलेले असावे.

नकाशावरून आणखी एक अंदाज काढता येतो, तो म्हणजे ओलांडण्याच्या जागेच्या वर किती क्षेत्राचे पाणी या ओढ्यात उतरते. हा आकडा नवख्यांना निरुपयोगी वाटतो, पण संपूर्ण नियोजन त्यावरच उभे आहे, म्हणून तो एकदा हाताने मांडून पाहू. आपल्या उदाहरणातील पाणलोट दोन चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे डोंगराच्या मानाने लहानच. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस किलोमीटरवर पडला की दहा लाख लिटर पाणी होते. माथ्याकडे तासाभरात ३० मिलिमीटरची जोरदार सर आली, तर दोन चौरस किलोमीटरवर सहा कोटी लिटर पाणी पडले. जमीन आधीच भिजलेली असल्याने निम्मेच मुरले किंवा मागे राहिले असे धरले, तरी तीन कोटी लिटर पाणी साधारण तासाभरात ओढ्यातून जाते. म्हणजे सेकंदाला सुमारे ८,३०० लिटर. सकाळी तोच ओढा पाच मीटर रुंद, २५ सेंटिमीटर खोल होता आणि पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत होते, तेव्हा प्रवाह सेकंदाला १,२५० लिटर होता. दोन्ही मिळून आता साडेनऊ हजार लिटर झाले. वेग दुप्पट झाला असे मानले तरी खोली ९० सेंटिमीटरच्या वर जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. हे सगळे एका सरीने घडते आणि ती सर ओढ्याजवळ पडलेलीही नसते. ओढ्यावर कोरडे आभाळ आणि वरून येणारा लोंढा ही जोडी म्हणूनच जीवघेणी ठरते.

नकाशाइतकीच स्थानिकांकडून मिळालेली माहिती आवश्यक असते. ‘वाट कशी आहे?’ असा मोघम प्रश्न विचारला तर ‘चांगली आहे’ असेच उत्तर मिळते, कारण रोज गुरांमागे चढणाऱ्या माणसाला ती चांगलीच वाटते. त्याऐवजी या आठवड्यात कोणी वर गेले होते का, ओढ्याला पाणी कुठपर्यंत आहे, दुपारच्या पावसानंतर ते किती वेळात ओसरते, यंदा कुठे दरड उतरली आहे का आणि मळलेल्या वाटेला ढोरवाटा कुठे फुटतात, असे नेमके प्रश्न विचारावेत. पावसाळ्यात काही वाटा वनविभाग किंवा प्रशासन बंद ठेवते. वाट बंद असेल तर विषय तिथेच संपतो, आडबाजूने वर जाण्याचा मार्ग शोधू नये. वाटाड्या मिळत असेल तर जरूर घ्यावा, मात्र पुढे दिलेले परत फिरण्याचे नियम त्यालाही निघण्यापूर्वी सांगावेत.

वेळेचे गणित उलट दिशेने

आपल्या उदाहरणात पायथ्यापासून माथा सहा किलोमीटर दूर आणि ६०० मीटर उंच आहे. ओढा पायथ्यापासून तासाभराच्या चालीवर आहे. चालण्याच्या वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही वापरला जातो. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईसाठी आणखी एक तास, असा तो थोडक्यात आहे. त्याप्रमाणे आपला चढ सव्वादोन तासांचा होतो. हा नियम सरावलेल्या माणसासाठी आणि बऱ्या वाटेसाठी असल्याने, नवख्यांच्या गटासाठी आणि चिखलाच्या वाटेवर मी तो दीडपट धरतो. म्हणजे सुमारे साडेतीन तास, आणि थांबे धरून चार तास. उतरताना वेळ निम्मा होतो हा समज पावसाळ्यात सोडून द्यावा. ओल्या उतारावर घसरण्याच्या भीतीने पावले लहान पडतात, त्यामुळे उतरायलाही साडेतीन तास धरावेत. त्यांतील पावणेतीन तास माथा ते ओढा आणि पाऊण तास ओढा ते पायथा.

आता शेवटाकडून मागे येऊ. सूर्यास्त सातच्या सुमारास आहे. ढगाळ दिवशी दाट झाडीत त्याच्या बरेच आधी अंधारते, म्हणून सव्वासहाला जंगलातील उजेड संपला असे धरावे. ओढ्यावर काही अडचण आली तर हाताशी वेळ असावा, यासाठी दुपारी ४:३० पर्यंत सगळा गट ओढ्याच्या अलीकडे आलेला हवा. माथ्यापासून ओढ्यापर्यंत पावणेतीन तास आणि मुरगळलेला पाय किंवा चुकलेली वाट यांसाठी पाऊण ते एक तास वेगळा, असा हिशेब मांडला की दुपारचे १ किंवा त्याआधीची वेळ हाती येते. कागदावर मात्र १२:३० लिहावी, कारण ठरलेल्या वेळेला गट प्रत्यक्ष वळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. सकाळी ६:३० ला पायथा सोडल्यास साडेदहापर्यंत माथा गाठता येतो, त्यामुळे १२:३० ही वेळ कडक वाटली तरी अन्यायाची नाही. या वेळेला गट जिथे असेल तिथून परत फिरतो. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरीही.

निघायला उशीर झाला, तर १२:३० पुढे सरकत नाही, माथ्यासाठी उरलेला वेळ कमी होतो. आणि पायथ्याहून निघतानाच नऊ वाजून गेले असतील, तर त्या दिवशी ओढ्यापर्यंत जाऊन परत यावे.

आदल्या संध्याकाळचा निर्णय

भारतीय हवामान विभाग जिल्हानिहाय इशारे रंगांत देतो: हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे जोरदार, त्यापुढे २०४.४ मिलिमीटरपर्यंत अतिजोरदार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत जोरदार, अशी विभागाची वर्गवारी आहे. नवख्या गटासाठी नियम सोपा ठेवावा: डोंगर ज्या जिल्ह्यात आहे तिथे किंवा ज्या बाजूने पाणी उतरते त्या शेजारच्या जिल्ह्यात नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर आदल्या रात्रीच बेत रद्द. इशारा पिवळा असेल, तर ओढा ओलांडावी लागणारी वाट सोडून, पाणी न ओलांडता जाता येईल असा जवळचा ठरलेला पर्याय घ्यावा. हा पर्याय आधीपासून तयार नसेल तर रद्द करणे कोणाच्याही जिवावर येते आणि मग ‘जाऊन तर बघू’ सुरू होते.

चोवीस तासांचा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साठ मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिपत पडला तर ओढा फारसा फुगत नाही. तोच पाऊस दोन तासांत कोसळला तर वर मांडलेले गणित प्रत्यक्षात येते. म्हणून निघण्याच्या दिवशी पहाटे विभागाचा पुढील तीन तासांचा तात्कालिक अंदाज आणि रडारचे चित्र पाहावे, आणि आदल्या रात्री किती पाऊस झाला हे पायथ्याच्या माणसाला फोन करून विचारावे. रात्रभर कोसळून सकाळी उघडीप मिळालेला दिवस फसवा असतो. आभाळ मोकळे दिसते, पण जमीन पूर्ण भरलेली असते आणि पुढच्या सरीचे जवळजवळ सगळे पाणी थेट ओढ्यात येते.

हे सगळे नियम एका कागदावर लिहावेत: रद्द करण्याचा रंग, परत फिरण्याची वेळ, ओढ्याची मर्यादा आणि वर सांगितलेला पर्यायी बेत. कागदाची एक प्रत घरी राहणाऱ्या एका विश्वासू व्यक्तीकडे द्यावी. त्यावर वाटेचे नाव, माणसांची संख्या आणि ‘रात्री ८ पर्यंत फोन आला नाही तर पायथ्याच्या माणसाला आणि त्यानंतर ११२ ला कळवावे’ एवढे स्पष्ट लिहिलेले असावे. गटात निर्णय घेणारी व्यक्ती एकच असावी, पण परत फिरा असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा आणि तो शब्द एकदा उच्चारला की त्यावर मतदान घेऊ नये.

सॅकमध्ये काय

सामानाबद्दल मोजकेच सांगतो, कारण याच्या याद्या सगळीकडे मिळतात. जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड, प्रत्येकाकडे हेडलॅम्प आणि शिट्टी, दोन माणसांमागे एक चकाकती आपत्कालीन चादर, ठरल्यापेक्षा एक वेळचे जास्त खाणे आणि ऑफलाइन नकाशा असलेले दोन फोन, तेही वेगवेगळ्या माणसांकडे. सुती कपडे आणि जीन्स घालू नयेत, ते पाणी धरून ठेवतात आणि अंग गार पडते. बुटांचे तळ झिजलेले असतील तर नवे बूट येईपर्यंत बेत पुढे ढकलावा. छत्री दोन हातांपैकी एक हात अडकवते, म्हणून ती पायथ्यालाच ठेवावी.

ओढ्यावर: जाताना

सकाळी ओढ्याशी पोहोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नये. आधी काठावर पाण्याच्या रेषेला लागून एक ओळखू येईल असा दगड ठेवावा आणि त्याचा फोटो काढावा. परतताना पाणी या खुणेच्या किती वर आहे हे पाहिले की अंदाजाऐवजी माप हाती येते. त्यानंतर एक काटकी प्रवाहात टाकून तिच्याबरोबर काठाने चालावे. भराभर चालूनही ती मागे टाकत असेल, तर प्रवाह नवख्यांसाठी जोरकस आहे. मर्यादा अशी ठेवावी: वाहते पाणी गटातील सर्वांत बुटक्या माणसाच्या गुडघ्याच्या वर जात असेल, किंवा काटकी आपल्याला मागे टाकत असेल, यांपैकी एक जरी खरे असेल तर ओलांडायचे नाही. दोन्ही खरे होण्याची वाट पाहायची नाही.

खोलीइतकेच पाण्याचे रूप बघावे लागते. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, पाने आणि काटक्या तरंगत येऊ लागणे, तळाशी दगड एकमेकांवर आपटल्याचा खडखडाट, वरून वाढत येणारा घोंगावता आवाज, ही सगळी लोंढा येत असल्याची लक्षणे आहेत. पाणी एकाएकी कमी झाले तर नवख्यांना हायसे वाटते, पण भर पावसात पाणी कमी होण्याचा अर्थ वर कुठेतरी दरडीने किंवा ओंडक्यांनी प्रवाह अडवला आहे असाही होतो आणि तो बांध फुटला की सगळे पाणी एकदम खाली येते. यांपैकी काहीही दिसले की सगळ्यांनी काठ सोडून उंचावर जावे.

ओलांडण्याची जागा निवडताना अरुंद जागेचा मोह टाळावा. ओढा जिथे अरुंद होतो तिथे तो खोल आणि वेगवान असतो, जिथे पसरतो तिथे उथळ असतो. खालच्या बाजूला धबधबा, मोठे खडक किंवा पाण्यात आडवी पडलेली झाडे असतील तर ती जागा सोडून द्यावी, कारण तोल गेला तर माणूस थेट तिथेच जाऊन अडकतो. बूट काढू नयेत. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास सॅक झटकून टाकता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवून, काठी पुढे रोवून, एका वेळी एकच पाय हलवत तिरके सरकावे. गटाने ओलांडताना सर्वांत धडधाकट माणूस वरच्या बाजूला आणि बाकीचे त्याच्या मागे, हात एकमेकांत अडकवून, प्रवाहाच्या दिशेत एका ओळीत उभे राहतात आणि ती ओळ मिळून सरकते. पाण्याचा मुख्य रेटा मग पहिला माणूस घेतो. अंगाला दोर बांधून ओलांडू नये. पडलेल्या माणसाला ताणलेला दोर पाण्याखाली दाबून धरतो.

जंगलाचा टप्पा: जळवा

ओढ्यानंतरच्या जंगलात जळवा भेटतात. जमिनीवरची जळू पाऊलवाटेच्या कडेच्या पानांवर मागच्या चोषकाने चिकटून उभी राहते आणि पुढचे टोक हवेत फिरवत असते. पावलांचा हादरा, श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब तिला कळते. थांबलेल्या माणसाच्या बुटाकडे नीट पाहिले तर ती कशी येते हे दिसते: पुढचे टोक टेकवायचे, मागचे टोक त्याच्याजवळ ओढायचे, कमान करायची आणि पुन्हा पुढे. बुटाच्या जिभेपाशी पोहोचली की लेसच्या भोकातून आत. चावा जाणवत नाही. रक्ताने मोजा लाल झाल्यावरच कळते.

प्रतिबंधाचा भरवशाचा उपाय कापडाचाच आहे. लीच सॉक्स म्हणून मिळणारे घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे नेहमीच्या मोज्यांवर चढवून, पँट त्यांच्या आत खोचून वर नाडी बांधावी आणि मग बूट घालावेत. साध्या विणलेल्या मोज्याच्या छिद्रांतून बारीक जळू आत शिरते, म्हणून फक्त लांब मोजे पुरत नाहीत. लीच सॉक्स फिक्या रंगाचे असले तर चढणारी जळू लगेच दिसते. बुटांवर आणि मोज्यांवर डीट असलेले कीटकप्रतिबंधक फवारल्याने मदत होते, पण सततच्या पावसात ते धुऊन जाते, त्यामुळे ओढा ओलांडल्यावर पुन्हा लावावे लागते. मिठाचेही तसेच आहे. तंबाखूचे पाणी अंगाला चोपडण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये, कारण ओल्या त्वचेतून निकोटिन शरीरात शोषले जाते आणि मळमळ, चक्कर सुरू होऊ शकते.

जळू चिकटलेली दिसली की घाबरून उपटू नये आणि तिच्यावर मीठ, तेल किंवा पेटती काडीही धरू नये. चिकटलेल्या जळूला असे त्रास दिले की ती पोटातील द्रव जखमेत ओकण्याची शक्यता असते. नखाने काम नीट होते. तिचे निमुळते टोक म्हणजे तोंडाकडचा भाग. त्याच्या कडेला नख त्वचेलगत सपाट ठेवून बाजूला सरकवावे, चोषक सुटतो. लगेच दुसऱ्या, जाडसर टोकाखाली तसेच नख सरकवून तिला टिचकीने दूर उडवावे. पहिले टोक सोडवून वेळ घालवला तर ती बोटाला चिकटते. काहीच केले नाही, तरी पोट भरल्यावर ती आपोआप गळून पडते.

जळू चावताना रक्त न गोठू देणारे द्रव्य सोडते, म्हणून छोट्याशा जखमेतून रक्त तासन्‌तास झिरपते. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन जंतुनाशक लावावे, दहा-पंधरा मिनिटे दाबून धरावे आणि पट्टी बांधावी. नंतर खाज येते. नखाने खाजवून जखम चिघळवणे हा खुद्द चाव्यापेक्षा मोठा त्रास ठरतो. रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी आणि रक्तस्रावाचा विकार असणाऱ्यांनी अशा जंगलात जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. डोळ्यात किंवा नाकात जळू गेली तर ती तिथे ओढत बसू नये, खाली उतरून डॉक्टरांकडे जावे. ओढ्याचे पाणी थेट तोंड लावून पिऊ नये, याचे एक कारण हेही आहे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र जळवांचा खरा धोका रक्तात नाही, वेळेत आहे. एकाच्या पायावर जळू दिसली की सगळा गट पानांच्या ढिगात उभा राहून मोजे उघडतो आणि तेवढ्यात आणखी दहा चढतात. असे चार-पाच थांबे झाले की १२:३० च्या हिशेबातील अर्धा तास गेलाच. त्यासाठी थांबे आधीच ठरवावेत: झाडी सुरू होण्यापूर्वी एक, मध्ये एखादा उघडा कातळ असेल तिथे एक, आणि पठारावर बाहेर पडल्यावर एक. तिथे दोघांच्या जोड्या करून एकमेकांचे पाय, पोटऱ्यांचा मागचा भाग, कमरपट्ट्याची जागा आणि मान तपासावी. मधल्या चालीत जळू दिसली तर कापडावरून टिचकीने उडवावी आणि चालत राहावे.

याच टप्प्यात दरडीच्या खुणाही पाहाव्यात. उतारावर अर्धवर्तुळाकार ताज्या भेगा, एका बाजूला कललेली झाडे, वाटेवर नुकताच आलेला चिखल, जिथे झरा नव्हता तिथून फुटलेले गढूळ पाणी, यांपैकी काही दिसले तर पुढे न जाता फिरावे. उतारावर जुना घसारा असेल, तर तो एकेकाने, न थांबता, वरच्या दगडांवर नजर ठेवून ओलांडावा. कातळावर काळपट, चमकणारा भाग सर्वांत निसरडा असतो. खरखरीत आणि भुरकट भागावर पाय ठेवावा, तोही अर्धे वजन टाकून आधी चाचपून.

पठारावर

जंगलातून पठारावर पाऊल टाकताच मागे वळून जंगलाच्या तोंडाचा फोटो काढावा, नकाशात ती जागा नोंदवावी आणि एखाद्या मोठ्या दगडाची खूण ध्यानात घ्यावी. धुके आल्यावर हे तोंड सापडत नाही आणि लोक पठाराच्या कडेकडेने शोधत कड्यापर्यंत जातात. पठारावरील लांब गवत कड्याच्या बाहेरही लोंबते, त्यामुळे धुक्यात कडा संपलेला कळत नाही. येथील नियम असा: पुढच्या माणसाला शेवटचा माणूस दिसेनासा झाला की सगळ्यांनी जवळ यावे, आणि जवळ येऊनही पुढची खूण दिसत नसेल तर परत फिरावे. धुके विरेल म्हणून फार तर पंधरा मिनिटे थांबावे.

विजेचा धोका पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि तो परतताना जास्त असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि उघडे पठार सोडायचे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे होईपर्यंत पुन्हा वर यायचे नाही. व्यवहारात याचा अर्थ त्या दिवसाचा माथा संपला असाच होतो. उतरणे शक्यच नसेल, तर एकटे झाड, कड्याची धार आणि उथळ गुहेचे तोंड टाळून, एकमेकांत अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसावे.

तिसरी मर्यादा थंडीची, आणि ती नवख्यांना खरी वाटत नाही. हवा वीस अंशांची असली तरी ओले कपडे आणि वारा मिळून शरीराची ऊब काढून घेतात. कोणी थरथरू लागला, अडखळत बोलू लागला, सॅकची चेन त्याला लावता येईना किंवा तो गप्प होऊन मागे पडू लागला, तर वाऱ्याच्या आड नेऊन ओले कपडे बदलावेत, चादर गुंडाळावी, गोड खायला द्यावे आणि सावरला की सगळ्यांनी मिळून खाली निघावे. त्याला एकट्याला किंवा एका सोबत्याबरोबर परत पाठवून बाकीच्यांनी वर जाऊ नये.

परतताना ओढा चढलेला असेल तर

समजा, गट ठरल्याप्रमाणे ११:३० ला माथ्यावरून निघाला, दीडच्या सुमारास जंगलात जोरदार सर आली आणि सव्वादोनला ओढ्यावर पोहोचल्यावर सकाळचा दगड पाण्याखाली गेलेला दिसला. पाणी गढूळ आहे आणि काटक्या वाहून येत आहेत. येथे ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही. काठापासून दूर, उंचावर, सुट्या दगडांच्या किंवा दरडीच्या खाली नसलेली जागा निवडून बसावे. सगळ्यांनी लगेच कोरडे कपडे चढवावेत, गारठल्यावर नव्हे. त्यानंतर काठालगत नवी खूण ठेवून दर पंधरा मिनिटांनी एकाने, वरच्या बाजूला लक्ष ठेवून, तिच्याकडे पाहून यावे. लहान पाणलोटाचे ओढे जसे झटकन चढतात तसेच पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात. आपल्या हिशेबात येथे ४:३० पर्यंत सव्वादोन तास शिल्लक आहेत आणि ते याचसाठी राखले होते.

पाणी उतरताना घाई होते. पातळी सकाळच्या दगडापर्यंत किंवा निदान गुडघ्याखाली आली, पाणी निवळू लागले आणि काटकीची चाचणी पुन्हा उत्तीर्ण झाली, या तिन्ही गोष्टी झाल्यावरच ओलांडावे. ४:३० झाले आणि पाणी उतरले नाही, तर पाणी न ओलांडणारी दुसरी वाट उजेडात संपण्याजोगी असल्यास ती धरावी. तसे नसेल तर तिथेच रात्र काढायची, असा निर्णय तेव्हाच घ्यावा, अंधार पडल्यावर नव्हे. फोनला रेंज असेल तर घरच्या व्यक्तीला ‘सगळे ठीक आहेत, ओढ्याच्या वर थांबलो आहोत’ असा निरोप द्यावा. कोणी जखमी असेल तर ११२ ला फोन करावा. रेंज नसल्यास शिट्टीचा आंतरराष्ट्रीय संकेत वापरता येतो: एका मिनिटात सहा वेळा वाजवणे, एक मिनिट थांबणे, पुन्हा सहा वेळा. मिनिटाला तीन शिट्ट्या हे त्याचे उत्तर असते. अंधारात हाच संकेत हेडलॅम्पच्या उघडझापीने देता येतो.

पायथ्याला पोहोचल्यावर पहिला फोन कागदाची प्रत असलेल्या व्यक्तीला करावा, म्हणजे आठ वाजता कोणी उगाच शोधाला निघणार नाही. नंतर गाडीत बसण्यापूर्वी मोजे, बूट आणि सॅकचे पट्टे उलटेपालटे करून झटकावेत, कारण कपड्यांच्या घडीत राहिलेली जळू ओल असेपर्यंत जिवंत राहते. चाव्याभोवती लाली पसरत गेली, ताप आला, अंगावर गांधी उठल्या किंवा दुसऱ्या दिवशीही रक्त थांबले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.